लहानपणीच्या सुट्टीच्या ठिकाणी पुन्हा जाताना : आधी आठवण कागदावर, मग पाय वाटेवर

तळ्याकाठच्या ज्या विश्रामगृहात मी वयाच्या पाचव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंतची प्रत्येक लांब सुट्टी घालवली, त्याच्या आवारभोवती एक प्रचंड भिंत होती, असे मला तीस वर्षे पक्के आठवत होते. त्या भिंतीपलीकडे काय आहे हे कुणालाच दिसत नसे, आणि आमच्या खेळांतली निम्मी कथानके त्या न दिसणाऱ्या बाजूला घडत असत. एकतीस वर्षांनी मी तिथे पुन्हा गेले तेव्हा भिंत जागच्या जागी उभी होती, दगडही तेच होते. पण ती माझ्या खांद्याच्याही खाली होती आणि पलीकडे एक साधे गवताळ मैदान पसरलेले होते. पिशवीतला फीत-टेप काढून मी उंची मोजली, ती 118 सेंटिमीटर भरली.

त्या क्षणी मला जे वाटले ते पहिल्या तासात बहुतेकांना वाटते: जागा लहान झाली, फिकी पडली, आपण येऊन चूक केली. ही भावना टाळता येत नाही, पण तिच्यासाठी तयारी करता येते. तयारीचा गाभा असा, की आपल्या मनातली जागा आणि जमिनीवरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जाण्यापूर्वीच मान्य करावे, मनातली जागा कागदावर उतरवून सुरक्षित ठेवावी आणि मगच जमिनीवरची जागा पाहायला निघावे. पुढे जे सांगते आहे ते याच क्रमाने आहे.

जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी: आठवणीचा कागद

गतकाळाच्या ओढीला युरोपीय भाषांत जो ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द आहे तो योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधासाठी घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले, आणि घरापासून दूर गेलेल्या माणसांना जडणारा तो आजार आहे, असे त्याने मांडले. घरी पाठवणे हा त्यावरचा उपाय समजला जाई. आज या ओढीला कुणी आजार म्हणत नाही, पण परत गेले की ती शमते ही समजूत मात्र टिकून आहे, आणि तिथेच फसगत होते. ओढ त्या जागेची असते तशीच त्या वयाचीही असते, आणि प्रवास करून फक्त जागेपर्यंत पोहोचता येते.

दुसरी अडचण आठवणीच्या स्वभावातच आहे. आठवण ही पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी ती नव्याने जुळवली जाते. करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती बदलण्याजोगी होते आणि तिला मेंदूत पुन्हा स्थिर व्हावे लागते. माणसाच्या लहानपणीच्या सुट्ट्यांबाबत यावरून थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तरीही ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना एक गोष्ट ओळखीची वाटेल: परत आल्यावर जुनी जागा आठवायला गेले, की डोळ्यांपुढे नुकतीच पाहिलेली जागा येते. जुने चित्र नव्याखाली झाकले जाते, आणि मग ते कसे होते हे सांगणे अवघड होऊन बसते.

म्हणून जाण्यापूर्वी आठवण लिहून काढणे ही या प्रवासातली एकमेव अशी पायरी आहे, जी नंतर भरून काढता येत नाही. एका सकाळी तासभर शांत बसावे, जुने फोटो मुद्दाम बाजूला ठेवावेत आणि जागेचा नकाशा हाताने काढावा. प्रमाण चुकले तरी चालेल, किंबहुना चुकलेलेच हवे, कारण काय मोठे काढले आणि काय गाळले यातच त्या वयाचे मन दिसते. नकाशानंतर सुट्या सुट्या आठवणी एकेका ओळीत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे एक खूण करावी: हे मी स्वतः पाहिल्याचे आठवते, की घरात वारंवार ऐकले आहे, की फोटोत पाहिले आहे. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणतः वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असतात. त्याआधीची एखादी घटना लख्ख आठवत असेल, तर ती ऐकीव किंवा फोटोतून आलेली असण्याची शक्यता धरून चालावे. तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण तिचा शोध घेत जागेवर फिरण्यात अर्थ नसतो.

माझ्या कागदावर चौदा ओळी झाल्या. त्यांतल्या सहा मी पाहिलेल्या होत्या, पाच ऐकलेल्या आणि तीन थेट अल्बममधून उतरलेल्या. माझ्या धाकट्या भावालाही मी असाच कागद वेगळा, माझा न दाखवता, करायला सांगितले. हे आवर्जून करावे. एकमेकांशी बोलून मग लिहिले, तर ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण दोघांचीही होते. आमच्या दोन नकाशांत एका ठिकाणी विचित्र एकमत होते: पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दोघांनीही घराच्या डाव्या हाताला काढल्या होत्या. अल्बम उघडल्यावर फोटोत त्या उजव्या हाताला निघाल्या. याचा उलगडा तिथे गेल्यावर झाला, तो पुढे येईल.

बदलांची ओळख घरूनच करून घ्यावी

‘काहीच न पाहता जाऊ, म्हणजे धक्क्यातही गंमत येईल’ असे काहींना वाटते. माझे मत याच्या उलट आहे. इमारत पाडली गेली आहे, किनारा कुंपणाने बंद झाला आहे, ज्यांना भेटायचे ते माणूस आता हयात नाही, यांसारख्या गोष्टी दारात उभे राहून कळण्यापेक्षा घरी बसून कळलेल्या बऱ्या. मोठा धक्का बसला की उरलेले दोन दिवस डोळे उघडे असूनही काही दिसत नाही.

गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत जुन्या तारखांची उपग्रहचित्रे मागे-पुढे सरकवून पाहता येतात, आणि त्याच्याच ‘टाइमलॅप्स’ या सोयीत 1984 पासूनची चित्रे वर्षावर्षाने दिसतात. त्या जुन्या चित्रांत घरे ओळखू येत नाहीत, पण तळे, नदीचे पात्र, वाळूचा किनारा, झाडीचा पट्टा आणि नवे रस्ते यांतला बदल स्पष्ट कळतो. तीन गोष्टी शोधाव्यात: आत येण्याचा रस्ता तोच आहे का, पाण्याची किंवा झाडीची कडा कुठे सरकली, आणि आपली मुख्य इमारत उभी आहे का. यापलीकडे फार खोदू नये. रस्त्यावरून घेतलेली ताजी दृश्ये घरबसल्या तासन् तास पाहत राहिले, तर पहिली भेट पडद्यावरच होऊन जाते आणि प्रत्यक्ष जाणे म्हणजे तिची उजळणी ठरते.

जागा आता कुणाच्या खाजगी मालकीची असेल, तर परवानगी याच टप्प्यावर मागावी. ‘मी लहानपणी इथे येत असे, आवारात अर्धा तास फिरू द्याल का, आणि फोटो काढले तर चालेल का’ एवढे नेमके विचारलेले लोकांना आवडते. आगाऊ न कळवता फाटकाशी उभे राहून भावूक झालेला माणूस त्यांना संकटात टाकतो. नकार आला तर तो मान्य करून बाहेरच्या वाटेवरून दिसेल तेवढे पाहण्याची तयारी ठेवावी.

पहिला दिवस: जुन्या दिशेने आत शिरावे

किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला फक्त तुलना करता येते. जागेची सवय व्हायला एक झोप मध्ये पडावी लागते. शक्य असेल तर मुक्काम नेमक्या जुन्या इमारतीत न करता जवळपास करावा. जुन्या खोलीतला नवा पलंग आणि नवा रंग रात्री झोपताना नकोसा होतो, आणि तिथून बाहेर पडायलाही वाव उरत नाही.

पहिली फेरी एकट्याने, पायी आणि हातात कॅमेरा न घेता मारावी. ती जुन्या प्रवेशाच्या दिशेनेच मारावी, ही सूचना मला कुणी आधी दिली असती तर माझा पहिला अर्धा दिवस वाया गेला नसता. मी नव्या रुंद रस्त्याने आवाराच्या विरुद्ध अंगाला पोहोचले आणि मला काहीच ओळखू येईना. झाडे अनोळखी, घराचा चेहरा अनोळखी, पायऱ्या भलत्याच बाजूला. जेवण झाल्यावर मी आवाराला वळसा घालून जुन्या लहान फाटकापाशी गेले, जे आता वापरात नव्हते पण उघडे होते, आणि तिथून आत चालू लागले. विसाव्या पावलाला वाट डावीकडे वळली आणि सगळे जागेवर आले. त्या फाटकातून येणाऱ्याला घराची पाठ आधी दिसते, आणि तसे पाहिले तर पायऱ्या खरोखरच डाव्या हाताला येतात. आमचे नकाशे चुकलेले नव्हते. ते मुलांच्या येण्याच्या दिशेने काढलेले होते, आणि फोटो तळ्याच्या बाजूने, घराकडे तोंड करून घेतलेला होता. जागा आठवणे म्हणजे बऱ्याच अंशी एकामागून एक येणाऱ्या वळणांचा क्रम आठवणे असते. क्रम उलटा झाला, की ओळखीच्या वस्तूही परक्या वाटतात. तेव्हा ‘सगळेच बदलले’ असे वाटू लागले, तर निष्कर्षाला येण्यापूर्वी एकदा जुन्या वाटेने चालून पाहावे.

लहान वाटण्याचे कारणही इथेच समजून घ्यावे. सात वर्षांच्या मुलाची उंची सरासरी 120 सेंटिमीटरच्या आसपास असते आणि डोळे जमिनीपासून सुमारे 110 सेंटिमीटरवर असतात. 118 सेंटिमीटरची भिंत त्या डोळ्यांसाठी क्षितिज पूर्ण बंद करते. माझ्या आजच्या, सुमारे 150 सेंटिमीटरवरच्या डोळ्यांना ती अडवतच नाही. वाटेचेही तसेच आहे. मुलाचे पाऊल लहान पडते, म्हणून तीच वाट त्याला कितीतरी अधिक पावलांची होते, आणि तो मध्ये दहा वेळा थांबतो ते वेगळेच. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो करताना संकोच करू नये: दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून ताठ उभे राहिले, की मध्यम उंचीच्या प्रौढ माणसाचे डोळे बरोबर त्या 110 सेंटिमीटरच्या आसपास येतात. मी भिंतीपाशी तसे केले. मैदान नाहीसे झाले, वर फक्त आकाश राहिले, आणि दगडांच्या फटींतले शेवाळ एकदम नाकाजवळ आले. भिंत तेवढीच प्रचंड होती.

दुसरा दिवस: जुना फोटो त्याच जागेवरून पुन्हा घेणे

नुसते हळहळत फिरण्यापेक्षा हातांना आणि डोळ्यांना नेमके काम दिलेले बरे, आणि माझ्या अनुभवात जुन्या फोटोची पुनर्नोंद घेण्याइतके चांगले काम दुसरे नाही. हे भावनिक खेळणे नव्हे, अभ्यासाची रीतसर पद्धत आहे. मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 पासून अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांच्या फोटोंच्या मूळ जागा शोधून तिथून पुन्हा फोटो घेतले, आणि पुढे 1997 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात त्यांतल्या अनेक जागांना तिसऱ्यांदा भेट दिली. एकाच ठिकाणाहून, त्याच चौकटीत घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवले, की ‘पूर्वी फार सुंदर होते’ यासारखी ढोबळ वाक्ये मागे पडतात आणि नेमके काय गेले, काय आले, काय तसेच राहिले हे दिसू लागते.

घरून निघताना दोन किंवा तीनच फोटो निवडावेत. ज्यात जवळची एक पक्की वस्तू, म्हणजे खांब, पायरी, भिंतीचा कोपरा, आणि लांबची एक पक्की वस्तू, म्हणजे डोंगराची खाच किंवा छपराचा कोन, दोन्ही आहेत असे फोटो निवडावेत. नुसत्या चेहऱ्यांचा किंवा नुसत्या पाण्याचा फोटो या कामाला उपयोगी नाही. मूळ प्रत घरी ठेवून मोठी छापील नक्कल बरोबर न्यावी, कारण उन्हात फोनच्या पडद्यावर बारीक कडा दिसत नाहीत. फोटोच्या कडेला महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर तो बहुधा फोटो धुतल्याचा काळ असतो, काढल्याचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता जागेवर. माझा फोटो चौकोनी होता: मी आणि भाऊ तळ्याकाठच्या कट्ट्यावर लोखंडी कठड्याला टेकून उभे, मागे पाणी, पलीकडचा काठ आणि दोन डोंगरांमधली खाच. पहिल्यांदा बाजू साधायची. जुन्या फोटोत कठड्याचा शेवटचा खांब डोंगरांच्या खाचेच्या किंचित डावीकडे होता. मी उभी होते तिथून तो खाचेच्या उजवीकडे दिसत होता. नियम असा, की आपण उजवीकडे सरकलो की जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या मानाने डावीकडे सरकते. मी तीन पावले उजवीकडे गेले आणि खांब जागेवर आला.

मग उंची साधायची. फोटोत कठड्याची वरची दांडी पलीकडच्या काठाच्या थोडी वर होती. माझ्या डोळ्यांना ती काठाच्या खाली दिसत होती. याचा अर्थ कॅमेरा माझ्या डोळ्यांपेक्षा खाली धरलेला होता. बाबा फोटो काढताना मान खाली घालून कॅमेऱ्यात वरून पाहत असत, ही गोष्ट मला तेव्हा आठवली. असा कॅमेरा कमरेशी किंवा पोटाशी धरतात, म्हणजे भिंग जमिनीपासून सुमारे एक मीटरवर येते. ज्या ठिकाणी ते उभे राहिले असतील तिथे आता एक बाक बसवलेला आहे. मी त्यावर बसले, फोन छातीशी धरला, आणि दांडी काठाच्या वर सरकली. बाबांचे डोळे नव्हे, त्यांच्या हातांची उंची मला सापडली होती. तिथे मी बराच वेळ बसून राहिले.

शेवटी चौकट. फोनच्या मुख्य भिंगात साधारणतः जुन्या घरगुती कॅमेऱ्यापेक्षा रुंद दृश्य मावते. म्हणून फोटोतल्या वस्तू लहान दिसतात, आणि त्या मोठ्या करण्यासाठी माणूस पुढे चालत जातो. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पुढे गेले की जवळचे आणि लांबचे यांचे परस्पर प्रमाण बिघडते, आणि नंतर काही केल्या फोटो जुळत नाही. जागा सोडू नये; पडद्यावर दृश्य थोडे जवळ ओढावे, साधारण दीडपट, किंवा नंतर कडा कापाव्यात. जुळले की नाही याची खूण अशी: चौकटीच्या चारही कोपऱ्यांत जुन्या फोटोतल्याच वस्तू, त्याच ठिकाणी कापलेल्या दिसल्या पाहिजेत.

सावल्याही जुळवायच्या असतील तर वेळ पाहावी लागते. सूर्याचा मार्ग 21 जूनच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो. 10 मेला घेतलेल्या फोटोची सावली 2 ऑगस्टला, घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी, पुन्हा मिळते, कारण दोन्ही तारखा 21 जूनपासून बेचाळीस दिवसांवर आहेत. ढग मात्र आपल्या हाती नसतात.

दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा पाणी दिसले, म्हणजे नसलेले पाणी. जुन्या फोटोत ते वरून सातव्या पायरीला लागलेले आहे. या वेळी मी पंधरा कोरड्या पायऱ्या मोजल्या. तळे आटत चालले, असे मी तिथल्या तिथे वहीत लिहूनही टाकले. रात्री टाइमलॅप्समधली चित्रे वर्षावर्षाने पाहिली, तेव्हा तळ्याची कडा सतत आत जात नव्हती. ती काही वर्षांनी बाहेर, काही वर्षांनी आत अशी हलत होती, आणि आमच्या फोटोचे वर्ष त्यांतले सर्वांत भरलेले होते. माझ्या मनातले ‘पूर्वी’ हे एकाच वर्षाचे होते. एका फोटोवरून काळाबद्दल विधान करू नये, हे मी त्या रात्री शिकले आणि वहीतली ओळ खोडली.

फोटो घेण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातल्या प्रयोगांत, ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा तपशील जवळ ओढून टिपला त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणून दिवसभर जे दिसेल ते टिपत राहू नये. निवडलेले दोन-तीन फोटो मन लावून घ्यावेत आणि मग फोन पिशवीत ठेवावा.

तिथल्या माणसांना काय आणि कसे विचारावे

जागेवर अजून राहणाऱ्या जुन्या माणसांशी बोलणे हा या प्रवासातला मोठा ठेवा असतो, पण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर सारे अवलंबून असते. ‘इथे पूर्वी मोठे झाड होते ना?’ असे विचारले तर समोरचा सौजन्याने हो म्हणतो, आणि आपण एक चुकीची गोष्ट पक्की करून घरी नेतो. त्याऐवजी छापील फोटो हातात द्यावा आणि ‘यात काय काय ओळखू येते?’ एवढेच विचारावे. मी फोटो दिला तेव्हा तिथल्या वृद्ध माळीकाकांनी आम्हा मुलांकडे पाहिलेही नाही. त्यांनी कठड्यावर बोट ठेवले आणि तो कोणत्या बाजूला दोनदा तुटला आणि कसा जोडला ते सांगितले. मी खाली वाकून पाहिले, तर जोडाची गाठ तिथे होती. आपल्या लहानपणाची पार्श्वभूमी हा दुसऱ्या कुणाच्या रोजच्या कामाचा विषय होता, हे कळले की बदलांविषयीचा राग बराचसा ओसरतो. नवे कुंपण, नवी इमारत, रुंद रस्ता यांमागची कारणेही अशाच बोलण्यातून कळतात.

तिसरा दिवस: लहानपणी न केलेले काही

शेवटचा दिवस जुन्या यादीपासून पूर्ण मोकळा ठेवावा. नव्या गोष्टी निवडताना मी एकच कसोटी लावते: हे लहानपणी आपल्याला करता आले असते का? आले नसते, तर ते करावे. मुलांच्या सुट्टीला ठराविक वेळा आणि ठराविक हद्दी असतात. पहाटेची वेळ, रात्रीचा काळोख, पलीकडचा काठ, भिंतीबाहेरचे मैदान आणि सुट्टीच्या मोसमाबाहेरचे महिने त्यात नसतात. तिथे तुलनेला जुने चित्रच नसते, म्हणून जागा आपोआप नवी दिसते.

मी पहाटे उजाडण्यापूर्वी तासभर आधी निघून पलीकडच्या काठावर चालत गेले. लहानपणी तो काठ आमच्यासाठी फोटोतली एक रेघ होता. तिथून मागे वळून पाहिल्यावर विश्रामगृह आता रेघ झाले होते, आणि त्याच्या पायऱ्या उजेडात येताना मी वरून खाली मोजत बसले. मला पक्ष्यांची नावे फारशी येत नाहीत. तरीही एका तासात आवाज आणि आकार यांवरून सात वेगवेगळे पक्षी नोंदवता आले. लहानपणी तिथे पक्षी असल्याचे माझ्या चौदा ओळींत कुठेही नव्हते.

बरोबर कुटुंब असेल तर एक बंधन स्वतःवर घालून घ्यावे: दिवसाला तीनच जुन्या गोष्टी सांगायच्या. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना चौथ्या ‘इथे आम्ही’नंतर आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते, आणि मुले तर पायाने माती उकरू लागतात, तीच थांबण्याची खूण समजावी. मुलांना आपला नकाशा देऊन त्यातल्या चुका शोधायला सांगितल्या, तर ती अर्धा दिवस रमतात आणि त्यांचा स्वतःचा नकाशा तयार होतो.

परतल्यावर

घरी पोहोचल्यापासून दोन दिवसांच्या आत दुसरा कागद लिहावा: आता जागा कशी आहे, तिचा नवा नकाशा आणि तिथे केलेल्या नव्या गोष्टी. पहिल्या कागदात मात्र काहीही दुरुस्त करू नये. चुकीची वाटणारी ओळही तशीच राहू द्यावी, कारण ती त्या वयाच्या उंचीवरून आणि त्या दिशेने पाहिलेली आहे. दोन्ही कागद आणि दोन्ही फोटो एकाच पाकिटात, पण वेगळे ठेवावेत आणि त्यांवर तारखा घालाव्यात.

भावाला मी दोन्ही फोटो पाठवले आणि फाटकाचा उलगडाही कळवला. त्याने पायऱ्या डावीकडेच ठेवल्या आहेत. नकाशाखाली फक्त एक ओळ वाढवली आहे, ‘लहान फाटकातून येताना’.